बँक कन्फर्मेशनचं लेटर: कोरं ठेवा, स्वतः पाठवा, आणि उत्तर नीट वाचा (कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीच्या उदाहरणासकट)

एप्रिल-मे आला की आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर सगळीकडं ऑडिटच्या फायली उघडतात आणि त्यातल्या कितीतरी फायलींत बँकेच्या नावानं एकच कागद सापडतो, बॅलन्स सर्टिफिकेट. ते कंपनीच्या अकाउंटंटनंच ब्रँचमधून आणलेलं असतं, त्यावर एका सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खात्याची ३१ मार्चची शिल्लक असते, खाली गोल शिक्का. ऑडिटर ते पंच करून फाईलला लावतो आणि पुढच्या कामाला लागतो. माझं म्हणणं असं की याला कन्फर्मेशन म्हणताच येत नाही. ज्याचे हिशोब तपासायचे त्याच्याच हातून पुरावा आला, आणि जेवढं विचारलं तेवढंच बँकेनं लिहिलं. कंपनीनं सांगितलंच नाही असं एखादं खातं, गॅरंटी, लियन म्हणजे ठेवीवर बँकेनं ठेवलेला हक्क, यातलं काहीही त्या कागदावर येणार नाही.

सत्यमचं प्रकरण आपल्या सगळ्यांना माहितीये. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचे चेअरमन रामलिंग राजूंनी पत्रात कबूल केलं की ताळेबंदातल्या कॅश आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात नाहीतच. तिथं एफडीचे आणि बँकेचे खोटे कागद फिरले होते. आपली पार्टी तेवढी मोठी नसली तरी रस्ता तोच असतो, कागद बँकेतून थेट ऑडिटरकडं आला नाही की मधे काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. आपल्याकडच्या एसए ५०५ या ऑडिटिंग स्टँडर्डचा रोखही हाच आहे, बाहेरच्या पार्टीकडून लेखी उत्तर थेट ऑडिटरला यायला पाहिजे आणि लेटर कुणाला जाणार, काय विचारणार, कसं जाणार हे ऑडिटरच्या ताब्यात पाहिजे.

आधी बँकांची यादी करा, आणि ती एकट्या कंपनीकडून घेऊ नका

लेटर ड्राफ्ट करायच्या आधीचं हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. टॅली उघडून बँक अकाउंट्स ग्रुपमध्ये जेवढी लेजर्स दिसतात तेवढ्या बँकांना लेटर पाठवून मोकळं व्हायचं, मग टॅलीत नसलेलं खातं कधी सापडणार?

माझी पद्धत अशी. कंपनीकडून यादी घ्यायचीच, त्यात वर्षभरात बंद झालेली खाती आणि शून्य शिल्लक असलेली खातीसुद्धा मागायची. मग ती यादी तीन ठिकाणी ताडून बघायची. एक म्हणजे इन्कम टॅक्स खात्याकडचे फॉर्म २६एएस आणि एआयएस, एफडीच्या व्याजावर टीडीएस कापला असेल तर कापणाऱ्या बँकेचं नाव तिथं येतंच. दुसरं म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कंपनीच्या नावावरचे चार्जेस, म्हणजे कर्जापोटी मालमत्तेवर नोंदवलेले बोजे, कुठल्या बँकेचा किती रकमेचा चार्ज उघडा आहे ते कळतं. तिसरं, बोर्डाची मिनिट्स, कारण खातं उघडताना बँक बोर्ड रिझोल्यूशन मागतेच, त्यामुळं नवीन खात्याचा माग तिथं लागतो. जीएसटी रजिस्ट्रेशनमध्ये कुठलं खातं दिलंय तेही जाता जाता बघून घ्या.

कोल्हापुरात अजून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इथं बऱ्याच कंपन्यांचा मेन व्यवहार नॅशनलाइज्ड बँकेत असतो, पण जुन्या ओळखीनं एखाद्या सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत करंट खातं, ठेव किंवा शेअर असतातच, आणि "तिथं काय फारसं नाही साहेब" म्हणून ते यादीत येत नाही. फारसं नसलं तरी लेटर जाऊ द्या.

लेटर कुणाचं आणि सही कुणाची

इथं नवीन आर्टिकल, म्हणजे ऑडिटरकडं सीए शिकणाऱ्या पोरांचा गोंधळ होतो. लेटर कंपनीच्या लेटरहेडवर जातं, ऑडिटरच्या नाही. कंपनी कायद्याच्या कलम १४३ नं ऑडिटरला कंपनीची वह्या-कागदपत्रं बघायचा हक्क दिलाय, पण बँक ही तिसरी पार्टी, ग्राहकाची माहिती ती ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय देणार नाही. म्हणून परवानगी कंपनीची, पाठवणारा ऑडिटर, आणि उत्तर ऑडिटरच्या पत्त्यावर, हे तिन्ही एकाच कागदावर यायला पाहिजे.

सही खातं चालवणाऱ्यांचीच पाहिजे. सीसी खातं दोन डायरेक्टर मिळून चालवत असतील तर दोघांच्या सह्या, आणि बँकेत असलेल्या नमुन्याशी जुळणाऱ्या. ब्रँच लेटर परत करते त्याचं नेहमीचं कारण हेच असतं, घाईत एकाच डायरेक्टरची सही घेऊन लेटर गेलेलं असतं. बँक या कामाला चार्ज लावत असेल तर तो कंपनीच्या खात्याला नावे टाका हे वाक्यही लेटरमध्ये घाला, नाहीतर तेवढ्यासाठी पत्र टेबलावर पडून राहतं.

काय लिहायचं

आता मुख्य मुद्दा. दोन प्रकारे विचारता येतं. "आमच्या वहीप्रमाणे शिल्लक इतकी आहे, बरोबर आहे का" असं किंवा आकडा न लिहिता "शिल्लक किती ते कळवा" असं. पहिल्या प्रकारात धोका असा की ब्रँचमधला माणूस गर्दीच्या वेळी सिस्टीम न उघडताच शिक्का मारून देऊ शकतो. कोऱ्या लेटरमध्ये त्याला सिस्टीम बघावीच लागते. कोऱ्या लेटरला उत्तरं कमी येतात हे खरंय, कारण काम वाढतं, पण बँकेच्या बाबतीत मी तरी कोरंच पाठवतो, पाठपुरावा करावा लागला तरी चालेल.

आणि खातेनंबर एकेक लिहून फक्त तेवढ्यांचीच माहिती मागू नका. कंपनीचा सीआयएफ किंवा कस्टमर आयडी लिहा आणि त्याखालचं सगळं मागा. मी वापरतो तो मसुदा साधारण असा आहे. बँकेला जाताना तो इंग्रजीत जातो, इथं अर्थ कळावा म्हणून मराठीत लिहितोय.

> प्रति, शाखाधिकारी
> विषय: ३१ मार्च २०२५ रोजीच्या शिल्लका व कर्जांबाबत आमच्या ऑडिटरना थेट माहिती देणे. कस्टमर आयडी: ______
>
> आमच्या कंपनीचं वैधानिक ऑडिट चालू आहे. ३१ मार्च २०२५ रोजी कामकाज संपतानाची खालील माहिती आमच्या ऑडिटरना खाली दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर थेट पाठवावी, ही माहिती देण्यास आमची संमती आहे. प्रत आम्हाला देण्याची गरज नाही.
>
> १. वरील कस्टमर आयडीखालील सर्व खाती, वर्षभरात उघडलेली व बंद केलेली खाती धरून: प्रकार, नंबर, शिल्लक, शिल्लक जमा की नावे.
> २. मुदत ठेवी: रक्कम, मुदत संपण्याची तारीख, ३१ मार्चपर्यंतचं जमा व्याज, ठेवीवर लियन असल्यास कशासाठी व किती.
> ३. कर्जं व कॅश क्रेडिट: मंजूर मर्यादा, त्या दिवशीची ड्रॉइंग पॉवर व ती काढताना धरलेला स्टॉक, येणी व देणी, बाकी रक्कम, व्याजदर, थकलेला हप्ता किंवा व्याज असल्यास रक्कम व तारीख.
> ४. तारण व गहाण मालमत्ता, वैयक्तिक हमीदार.
> ५. बँक गॅरंटी, लेटर ऑफ क्रेडिट, डिस्काउंट केलेली बिलं.
> ६. कंपनीनं दुसऱ्या कुणाच्या कर्जासाठी दिलेली हमी.
> ७. वरील कोणतीही बाब लागू नसल्यास "नाही" असं स्पष्ट लिहावं.

सातवा मुद्दा विसरू नका. रिकामी सोडलेली ओळ म्हणजे "नाही" की "बघितलं नाही" हे नंतर ठरवता येत नाही.

पाठवायचं कधी आणि कसं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सह्या घेऊन ठेवा, पाठवा मात्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर. १ एप्रिलला बँकांचं स्वतःचं क्लोजिंग असतं, त्या दोन-चार दिवसांत पत्र गेलं तर ढिगाऱ्याखाली जातं.

सह्या झालेलं लेटर परत ऑडिटरच्या ऑफिसात येऊ दे. ब्रँचचा पत्ता आणि ईमेल कंपनीनं दिलाय तोच न वापरता बँकेच्या वेबसाइटवरून ताडून घ्या, मग आपल्या ऑफिसातून स्पीड पोस्टनं किंवा आपल्या ऑफिसच्या ईमेलवरून स्कॅन पाठवा. काही बँका हे काम आता ऑनलाइन पोर्टलवरून करतात, तसं असेल तर तिथून. गावातलीच ब्रँच असेल तर आर्टिकल स्वतः नेऊन देऊन पोच घेऊ शकतो, बरोबर कंपनीचा माणूस असला तरी हरकत नाही, पण पत्र आर्टिकलच्या हातात राहिलं पाहिजे. "द्या इकडं, मी उद्या बँकेत जाणारच आहे" म्हणणाऱ्या अकाउंटंटला नम्रपणे नाही म्हणायचं. त्याच्यावर संशय आहे असं नाही, नियम सगळ्या पार्ट्यांना एकच आहे एवढंच सांगायचं.

उत्तर आलं, आता शिल्लक सोडून बाकीचंही वाचा

शिरोली एमआयडीसीतली एक छोटी फाउंड्री, प्रायव्हेट लिमिटेड, असं उदाहरण धरू. आकडे समजण्यासाठी घेतलेत. सीसी लिमिट दीड कोटी, मोल्डिंग मशीनचं टर्म लोन, दहा लाखांची एक एफडी. वहीप्रमाणे ३१ मार्चला सीसीची बाकी १,१७,११,६०० आणि टर्म लोन ४२,००,०००. बँकेचं उत्तर आलं त्यात सीसी १,१२,३०,००० आणि टर्म लोन ४२,३६,७५०.

सीसीचा फरक ४,८१,६०० रुपयांचा. कंपनीनं दिलेले पण बँकेत न वटलेले चेक ७,४०,०००, ते बँकेच्या बाकीत मिळवा. भरलेले पण जमा न झालेले चेक १,६०,०००, ते वजा करा. आले १,१८,१०,०००. वहीत आहेत १,१७,११,६००, म्हणजे अजून ९८,४०० कमी, आणि ते निघाले बँकेनं ३१ मार्चला टाकलेलं मार्चचं व्याज, जे वहीत घेतलंच नव्हतं. टर्म लोनचे ३६,७५० पण तसेच, ४२ लाखांवर साडेदहा टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज बरोबर तेवढंच येतं. दोन्ही मिळून १,३५,१५० रुपयांचा खर्च वहीत यायचा राहिला होता. न वटलेले चेक एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये खरंच वटले का ते एकेक करून बघायचं. मेपर्यंत एखादा चेक तसाच असेल तर तो ३१ मार्चच्या आधी पार्टीला दिला होता की फक्त लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता, हे विचारायचं.

इथपर्यंतचं काम बहुतेकजण करतात. खरी माहिती याच्या पुढच्या ओळींत होती.

ड्रॉइंग पॉवर म्हणजे त्या दिवशीच्या स्टॉक आणि येण्यांच्या जोरावर सीसीतून किती उचलता येतं ती मर्यादा. त्या ओळीत बँकेनं लिहिलं होतं १ कोटी १४ लाख. हिशोब असा की कंपनीनं बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमधला स्टॉक १ कोटी २० लाख, त्यातून देणी ४० लाख वजा, उरलेल्या ८० लाखांवर २५ टक्के मार्जिन सोडून ६० लाख. येणी ९० लाख, त्यावर ४० टक्के मार्जिन सोडून ५४ लाख. बेरीज १ कोटी १४ लाख, आणि बाकी १ कोटी १२ लाख ३० हजार, म्हणजे बँकेच्या दृष्टीनं सगळं आत बसतंय. पण ताळेबंदातला ३१ मार्चचा स्टॉक होता ९८ लाख. तोच आकडा घालून बघा: ९८ वजा ४०, ५८ लाखांचे ७५ टक्के ४३.५० लाख, अधिक ५४, म्हणजे ९७.५० लाख. खऱ्या स्टॉकवर कंपनीनं ड्रॉइंग पॉवरपेक्षा जवळजवळ १५ लाख जास्त उचललेत.

२२ लाखांचा फरक कुठून आला हे विचारायला बसलो की फाउंड्रीत साधारण दोन गोष्टी निघतात. स्टॉक स्टेटमेंटमध्ये तयार कास्टिंग विक्रीच्या दरानं धरलेलं असतं आणि ताळेबंदात कॉस्टनं. आणि रिजेक्ट झालेलं कास्टिंग, जे परत भट्टीत वितळवायला जाणार आहे, ते चांगल्या मालात मोजलेलं असतं. हे नुसतं समजून घेऊन सोडायचं नाही. चालू मालमत्तेच्या तारणावर बँकेचं कर्ज असेल तर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंट वहीशी जुळतात का, जुळत नसतील तर फरक किती आणि का, हे शेड्यूल ३ प्रमाणे ताळेबंदाच्या नोट्समध्ये द्यावं लागतं. कंपनी कायद्याच्या व्याख्येतली स्मॉल कंपनी असेल तर ऑडिट रिपोर्टमध्ये जास्तीचे मुद्दे मागणारा कारो २०२० हा आदेश लागत नाही, पण म्हणून ही नोट टळत नाही. कितीतरी ताळेबंदांत तिथं "जुळतात" एवढंच छापलेलं असतं आणि ताडून कुणी बघितलेलं नसतं.

एफडीच्या ओळीत: रक्कम १०,००,०००, बरोबर. लियन, ८,००,००० च्या बँक गॅरंटीसाठी. वहीत गॅरंटीचा कुठं मागमूस नाही, कारण गॅरंटीची एंट्री पडत नाही, फक्त कमिशनचे पैसे बँक चार्जेसमध्ये गेलेत. एका कस्टमरनं ॲडव्हान्स दिला होता त्यापोटी ती दिलेली. म्हणजे आता ती गॅरंटी नोट्समध्ये आकस्मिक देणी म्हणून दाखवायची, आणि एफडी सुद्धा मोकळी शिल्लक म्हणून न दाखवता तारण ठेवलेली म्हणून वेगळी दाखवायची. डायरेक्टरना ही एफडी अडीअडचणीला मोडता येईल असं वाटत असतं, ताळेबंद वाचणाऱ्याला तसं वाटू देणं बरोबर नाही.

आणि शेवटी पहिल्या मुद्द्याच्या यादीत एक जास्तीचं करंट खातं. ऑगस्टमध्ये उघडलेलं, शिल्लक ६४,३००. टॅलीत नाही. रक्कम बघून सोडून द्यावंसं वाटतं, पण शिल्लक लहान म्हणजे व्यवहार लहान असं नसतं. पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट मागवलं तर त्यात जमा झालेले ११,८०,०००, सगळे भंगारवाल्याकडून. मशीनिंगची बोरिंग आणि स्क्रॅप विकून आलेले पैसे तिकडं जात होते. मग प्रश्न बँकेपुरता राहत नाही, विक्री कमी दाखवली, त्यावरचा जीएसटी राहिला, आणि खात्यातून पैसे कुणी काढले ते बघावं लागतं. लेटरमध्ये फक्त सीसी खात्याचा नंबर लिहिला असता तर यातलं काहीच कळलं नसतं.

जाता जाता तारणाची ओळ एमसीएच्या चार्जेसशी जुळवा. कर्ज फिटलंय पण चार्ज उघडाच आहे, असं खूप ठिकाणी दिसतं. बँकेकडून नो ड्यूज घेऊन चार्ज मिटवण्याचा सीएचजी-४ फॉर्म भरायला सांगा.

उत्तर खरंच बँकेचं आहे का

ईमेलनं आलं असेल तर पत्ता बँकेच्या अधिकृत डोमेनवरचा आहे का ते बघा, शाखाधिकाऱ्याच्या खाजगी मेलवरून आलेलं चालवून घेऊ नका. कागदावर असेल तर सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, एम्प्लॉयी नंबर आणि शाखेचा शिक्का. ब्रँचनं चुकून लिफाफा कंपनीकडं दिला आणि कंपनीनं तो तुमच्याकडं आणला, असंही होतं. तसं झालं तर तो कागद टाकून द्यायची गरज नाही, पण बँकेच्या वेबसाइटवरचा नंबर लावून ब्रँचशी बोला आणि तोच मजकूर त्यांच्याकडून थेट ईमेलवर मागून घ्या. फोन कुणी केला, कुणाशी बोलणं झालं, तारीख, हे फाईलमध्ये लिहा. तोंडी "हो बरोबर आहे" हे कन्फर्मेशन होत नाही.

उत्तर आलंच नाही तर

दोन आठवड्यांनी पहिलं रिमाइंडर, मग ब्रँचला जाऊन भेट. गर्दी नसताना, दुपारच्या नंतर गेलं की साहेब लोक बोलतात. बऱ्याचदा अडलेलं असतं ते ड्रॉइंग पॉवर आणि तारणाच्या माहितीपाशी, कारण ती ॲडव्हान्सेस बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं असते आणि पत्र खात्यांच्या काउंटरवर पडलेलं असतं. तसं असेल तर त्या अधिकाऱ्याचं नाव विचारून त्याच्या नावे मेल करा.

तरीही नाहीच आलं तर दुसरे पुरावे गोळा करायचे. कंपनीच्या माणसाला तुमच्यासमोर नेट बँकिंग उघडायला सांगा आणि ३१ मार्चचं व एप्रिल-मेचं स्टेटमेंट तिथूनच डाउनलोड करून घ्या, आधी सेव्ह केलेली पीडीएफ नको, पीडीएफमधला आकडा बदलणं आता कुणालाही जमतं. सँक्शन लेटर, एफडीची पावती, स्टॉक स्टेटमेंटची बँकेची पोच आणि कंपनीचा कमर्शियल क्रेडिट रिपोर्ट बघा, त्या रिपोर्टमध्ये दुसऱ्या बँकांची कर्जंही दिसतात. यातून शिल्लक आणि कर्ज बऱ्यापैकी पक्कं होतं. गॅरंटी आणि लियन मात्र पूर्ण कळेलच असं नाही, तिथं बँक चार्जेसच्या लेजरमध्ये गॅरंटी कमिशनच्या एंट्र्या शोधा.

आणि कंपनीच म्हणाली की अमुक बँकेला लेटर पाठवू नका, तर कारण लेखी घ्या. वाद कोर्टात आहे वगैरे कारण खरं असू शकतं, त्याचे कागद बघा. कारण पटण्यासारखं नसेल आणि दुसरीकडूनही पुरावा मिळत नसेल तर विषय डायरेक्टर बोर्डापुढं मांडा, आणि रिपोर्टमध्ये मत बदलावं लागेल का ते ठरवा. फाईलला पाठवलेल्या लेटरची प्रत, पोस्टाची पावती किंवा मेल, रिमाइंडर, उत्तर आणि फरकाचा तक्ता असं सगळं एकत्र लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी नवीन आर्टिकल आला तरी बँकांची यादी त्याला तिथूनच मिळेल.